फ्लॅट भाड्याने देणे आहे: सोलापुरातल्या घरमालकाने स्लाइडची पोस्ट कशी लावावी

आमचा विजापूर रोडला सैफुलकडचा टू बीएचके मागच्या वर्षी मे महिन्यात रिकामा झाला. मी चार फोटो काढले, खाली "टू बीएचके फ्लॅट भाड्याने देणे आहे, संपर्क करा" एवढं लिहिलं आणि इन्स्टाग्रामवर टाकलं. मग तेच चार फोटो सोसायटीच्या, माहेरच्या-सासरच्या आणि शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडले. दोन दिवस फोन खाली ठेवता आला नाही. तिसऱ्या दिवशी वैतागून कालनिर्णयच्या मागच्या पानावर प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न लिहायला लागलो. निम्म्याहून जास्त लोकांनी भाडं विचारायच्या आधी विचारलं होतं, "काका, पाणी किती दिवसाआड येतंय?"

त्या पानावरचे प्रश्न फार तर सात-आठ होते आणि फिरून फिरून तेच येत होते. तेव्हा लक्षात आलं की स्लाइडच्या पोस्टचं, म्हणजे ज्याला कॅरूसेल म्हणतात त्याचं, काम एवढंच आहे: प्रत्येक स्लाइडने एक फोन वाचवायचा. जी स्लाइड कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही ती काढून टाकायची. दुसऱ्या खेपेला मी नऊ स्लाइड केल्या. त्या कशा केल्या ते इथे सांगतो. फ्लॅट तोच धरू: दुसरा मजला, सहा फ्लॅटची लहान इमारत, लिफ्ट नाही, भाडं ९,५०० रुपये.

आधी पहिल्या चार स्लाइड ठरवा

इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये आता वीस फोटोपर्यंत लावता येतात. तेवढे लावू नका. आठ-नऊच्या पुढे माणूस बोट फिरवत नाही.

सोलापुरात घर शोधणारं कुटुंब बहुतेक वेळा तुमची पोस्ट इन्स्टाग्रामवर बघतच नाही. भाचा बघतो, स्क्रीनशॉट काढतो, मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवतो. व्हॉट्सॲपवर चारपेक्षा जास्त फोटो एकत्र गेले की त्यांचा अल्बम होतो आणि समोरच्याला चारच चौकोन दिसतात. चौथ्या चौकोनावर अधिकचं चिन्ह आणि एक आकडा येतो आणि उरलेल्या स्लाइड त्याच्या मागे दडतात. म्हणून त्या चार चौकोनांत काय दिसतं यावर सगळं अवलंबून आहे.

माझा क्रम असा: पहिली स्लाइड मुख्य माहितीची, दुसरी पाण्याची, तिसरी हॉलच्या फोटोची, चौथी पैशाची. बाकी स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम एका स्लाइडवर, मग बेडरूम, नकाशा, नियम आणि संपर्क, अशा पाच स्लाइड मागून. पुण्यात कदाचित पार्किंग दुसऱ्या नंबरवर येईल. सोलापुरात पाणीच.

आकार १०८० बाय १३५० पिक्सेलचा उभा ठेवा, आणि सगळ्या स्लाइडचा एकच. पहिल्या फोटोचा जो आकार असतो त्यातच इन्स्टाग्राम बाकीचे कापून बसवतो, त्यामुळे एक आडवा, एक उभा असं केलं तर कुठेतरी आकडा कापला जातो. व्हॉट्सॲपचे चौकोन चौरस असतात, म्हणजे वरची आणि खालची पट्टी तिथे दिसत नाही. भाडं, पाणी, चौकाचं नाव असं जे दिसलंच पाहिजे ते स्लाइडच्या मधल्या भागात लिहा.

फॉरवर्ड होता होता पोस्टखालचा मजकूर गळून पडतो आणि एखादी स्लाइड एकटीच फिरत राहते. माझ्या पहिल्या पोस्टमधला नुसता स्वयंपाकघराचा फोटो कुणाकुणाकडून फिरत माझ्याच मेव्हण्याकडे आला. "कुणाचा आहे हो हा फ्लॅट, चांगला दिसतोय," असं त्याने मलाच विचारलं. तेव्हापासून प्रत्येक स्लाइडच्या एका कोपऱ्यात मी तीन गोष्टी छापतो: "टू बीएचके, सैफुल", फोन नंबर आणि "१ जूनपासून रिकामा". तारीख विसरू नका. स्लाइड वर्षभर फिरतात, आणि तारीख नसली तर पुढच्या दिवाळीतही फोन येतात.

अक्षरांबद्दल एवढंच: स्लाइड बनवायच्या कॅनव्हासारख्या ॲपमध्ये काही फॉन्ट देवनागरी जोडाक्षरं फोडतात. "प्रशस्त", "विद्यार्थी", "चिठ्ठी" हे शब्द आधी लिहून बघा. Mukta किंवा Baloo 2 मध्ये मला कधी अडचण आली नाही. अक्षर एवढं मोठं हवं की चष्मा न लावता घरातल्या आजीला वाचता आलं पाहिजे. माझी परीक्षा हीच असते: फोन हात लांब करून धरायचा आणि भाडं वाचता येतंय का बघायचं.

पाण्याची स्लाइड

"मुबलक पाणी" असं लिहू नका. सोलापुरात प्रत्येक जाहिरातीत ते असतं आणि त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. उजनीवरून येणारं पाणी शहरात रोज सुटत नाही. चार दिवसांनी, पाच दिवसांनी, भागाभागात वेगवेगळं, आणि जलवाहिनी फुटली किंवा वीज गेली की अजून एक दिवस पुढे. घर बघणाऱ्याला हे माहीत असतं. त्याला विचारायचं असतं ते हे की नळ येतो त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात तुमच्या इमारतीत काय होतं.

त्याचं उत्तर आकड्यात द्यायचं. त्यासाठी टेप घेऊन हौदात डोकावायला लागतं. हौदाची आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि २८.३ ने गुणा, म्हणजे लिटर मिळतात. आमचा हौद दहा बाय आठ आणि पाणी सहा फुटांपर्यंत. ४८० घनफूट, म्हणजे साधारण १३,५०० लिटर. गच्चीवर दोन हजारांच्या दोन टाक्या, त्या धरून १७,५०० लिटर साठा.

आता गरज. शहरी पाणीपुरवठ्याचा हिशेब करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. सहा फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे २४ माणसांना दिवसाला ३,२४० लिटर आणि पाच दिवसांना १६,२०० लिटर. म्हणजे पाचव्या दिवसापर्यंत आमचं पाणी जेमतेम पुरतं. सहावा दिवस उजाडला तर बोअर. आणि बोअरचं पाणी जड आहे: भांड्यावर पांढरे डाग पडतात, गिझरच्या कॉइलवर थर बसतो, डाळ शिजायला वेळ लागतो.

मी स्लाइडवर हेच लिहिलं:

"नळ: साधारण पाचव्या दिवशी. साठा: १७,५०० लिटर, सहा फ्लॅटसाठी. बोअर: आहे, जड पाणी, वापरायला. पिण्याचं पाणी: स्वयंपाकघरात महापालिकेच्या पाण्याचा वेगळा नळ. मोटार: सोसायटीचा माणूस चालू करतो."

शेजारच्या अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "जड पाणी कशाला लिहायचं, गिऱ्हाईक पळेल की." काही जण पळाले असतील. पण जे घर बघायला आले त्यातल्या एकानेही नळ उघडून, तोंड वाकडं करून "बरं, कळवतो" म्हटलं नाही. ते आधीच्या वेळी रोज व्हायचं. लपवलेलं जड पाणी पहिल्याच आठवड्यात चहाच्या भांड्यात दिसतं आणि मग अकरा महिने भाडेकरूचं तोंड बघावं लागतं.

हौद मोजताना एक चूक होते. हौदाची खोली आणि पाण्याची खोली वेगळी असते. वरचा फूटभर भाग भरत नाही, आणि तळाचं अर्धा फूट पाणी मोटार उचलत नाही. पाण्याची पातळी मोजा, त्यातून तळाचा अर्धा फूट वजा करा, काँक्रीट मोजू नका. आमचे सहा फूट हे असे वजा केलेले आहेत. इमारतीत एकही बिऱ्हाड आठ माणसांचं असेल तर हिशेब बदलतो, तेव्हा शेजाऱ्यांची माणसंही मोजा. आणि पोस्ट टाकण्याआधी एक पूर्ण फेरी, म्हणजे नळ आला त्या दिवसापासून पुन्हा येईपर्यंत, गच्चीवरच्या टाक्यांची पातळी रोज सकाळी बघा. कागदावरचा हिशेब आणि टाकी जुळत नसेल तर कुठेतरी गळती आहे किंवा एखाद्या संडासातल्या फ्लशचा व्हॉल्व्ह चिकटलाय. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरचा फ्लश निघाला.

फोटो

मोबाइलमध्ये ०.५ असं एक बटण असतं. त्याने खोली मैदानासारखी दिसते. ते दाबू नका. घर बघायला आलेला माणूस दारात उभा राहतो, हॉल बघतो आणि त्याच्या चेहऱ्यावर "फोटोत मोठा वाटला होता" हे उमटतं, आणि ती भेट तिथेच संपते. साध्या १ वर ठेवा, खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहा, फोन छातीच्या उंचीवर सरळ धरा. कोपऱ्यातून दोन भिंती आणि जमीन दिसते, म्हणून अंदाज येतो. वर धरून खाली वाकवला की भिंती तिरक्या होतात.

खिडकीकडे तोंड करून फोटो काढला की खोली काळी पडते. खिडकी पाठीशी किंवा बाजूला घ्या. मे महिन्यात सोलापुरात साडेअकरानंतर उजेड इतका पांढरा असतो की फरशी चमकते आणि बाकी काही दिसत नाही. सकाळी आठ ते साडेनऊ बरं. कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या, गॅसची रिकामी टाकी, भिंतीवरचं जुन्या भाडेकरूचं कॅलेंडर आधी काढा.

संडास-बाथरूमचा फोटो टाकायला लोक लाजतात. टाका. नाही टाकला तर बघणारा मनात वाईटच धरतो. इंग्लिश की इंडियन हेही लिहा. घरात गुडघेदुखीची सासू असेल तर सगळा निर्णय त्यावर होतो.

प्रत्येक खोलीच्या फोटोवर फुटात माप टाका: "बेडरूम १० बाय ११". आणि माप सांगताना बिल्ट-अप सांगू नका. आमच्या फ्लॅटचं चटईक्षेत्र ६२० चौरस फूट आहे, कागदावर बिल्ट-अप ७८०. मी ६२० लिहिलं.

ऊन हा दुसरा सोलापुरी प्रश्न. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो आणि सर्वात वरच्या मजल्यावर रात्री बारालाही छत तापलेलं असतं. तुमचा फ्लॅट स्लॅबखालचा असेल तर तसं लिहा आणि काय केलंय ते सांगा: गच्चीला पांढरा रंग, पश्चिमेच्या खिडकीला चिकाचा पडदा, काही असेल ते. आमच्या डोक्यावर अजून एक मजला आहे, म्हणून मी बेडरूमच्या फोटोवर लिहिलं, "वर अजून एक मजला, स्लॅब तापत नाही. कूलरसाठी खिडकी आणि बाहेर पॉइंट आहे." या ओळीबद्दल जेवढे लोक बोलले तेवढे मॉड्युलर किचनबद्दल बोलले नाहीत. मॉड्युलर किचनवर माझे ८५ हजार गेलेत, ते जाऊ द्या.

नकाशाची स्लाइड हाताने काढली तरी चालते. वहीच्या पानावर पट्टीने खोल्या काढा, दारं-खिडक्या दाखवा, उत्तरेचा बाण काढा, मापं लिहा, वरून फोटो घ्या. बाण हवाच, कारण दार कुठल्या दिशेला हा प्रश्न येतो म्हणजे येतोच.

पैशाची स्लाइड

"भाडं फोनवर सांगू" हे लिहिणाऱ्या घरमालकाला मी आता हात जोडतो. आकडा लपवला की ज्यांना परवडत नाही तेही फोन करतात आणि ज्यांना परवडतं ते करत नाहीत.

नुसतं भाडंही पुरत नाही. घेणाऱ्याला महिन्याला हातातून किती जाणार ते हवं असतं आणि चावी मिळायच्या दिवशी एकरकमी किती लागणार तेही. म्हणून दोन भाग करा.

महिन्याला: भाडं ९,५००, देखभाल ७००, एकूण १०,२००. पाणीपट्टी आणि घरपट्टी माझ्याकडे. वीज वेगळ्या मीटरवर, बिल भाडेकरूने भरायचं.

आत येताना: डिपॉझिट ३०,०००, पहिल्या महिन्याचे १०,२००, करारनाम्याचा खर्च निम्मा-निम्मा. दलाली नाही, मी स्वतःच मालक आहे.

करारनाम्याचा खर्च लोकांना भीतीदायक वाटतो, म्हणून हिशेब करून दाखवतो. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. ते अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर. आमचं भाडं अकरा महिन्यांचं १,०४,५००. तीस हजारांवर अकरा महिन्यांचं व्याज २,७५०. बेरीज १,०७,२५०, आणि तिचे ०.२५ टक्के म्हणजे २६८ रुपये. शंभराच्या पटीत वर नेले तरी तीनशे. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. घरी येऊन अंगठा घेणाऱ्या एजंटची फी आणि कागदपत्रांचं किरकोळ शुल्क वेगळं. देखभाल भाड्यात धरून एकच रक्कम लिहिणार असाल तर तिच्यावर हिशेब करा.

"कशाला नोंदणी, पाचशेच्या स्टँपवर लिहून घेऊ" असं सांगणारे भेटतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उद्या वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम तुमचं. मी स्लाइडवर एका ओळीत लिहितो: "नोंदणीकृत करार होईल, आधार कार्ड लागेल." ज्याला कागद नकोच आहेत तो इथेच गळतो.

डिपॉझिट परत कधी, हे लिहिणारा मालक मी अजून बघितला नाही. मी लिहिलं: "चावी दिल्यावर १५ दिवसांत, शेवटचं वीज बिल वजा करून." रंगाचे पैसे कापणार असाल तर किती ते आत्ताच लिहा. मी भाडेकरू असताना एका मालकाने रंगाच्या नावाखाली माझे आठ हजार कापले होते, आणि रंग पुढचे दोन वर्षं दिला नाही. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून मी स्वतः रंगाचे कापत नाही.

नियम

नियमांची स्लाइड जितकी लांब तितका मालक तापट, असं वाचणारा समजतो. पाचच्या पुढे जाऊ नका. ज्या नियमाला कारण आहे तोच ठेवा, आणि कारण अर्ध्या ओळीत लिहा. आमचे हे:

"गाड्या: दोन दुचाकी. चारचाकीला आत जागा नाही. भिंतीला ड्रिल मारण्याआधी सांगा, पाइप आतून गेले आहेत. बाल्कनीतून धुण्याचं पाणी खाली नको, खालच्यांचं अंगण आहे. घरातून धंदा करायचा असेल तर आधी बोलू. सोडताना एक महिना आधी कळवा, आम्हीही एक महिना आधी कळवू."

धंद्याची अट का, ते सांगतो. सोलापुरात घरून शेंगा चटणी, कडक भाकरी, शिलाई, शिकवण्या हे घरोघरी चालतं आणि मला त्याचं वावगं नाही. एका शिलाई मशीनने काही बिघडत नाही. पण चटणीचं कुटायचं यंत्र बसवलं की खालच्या मजल्याचा फोन येतो, आणि घरगुती मीटरवर व्यवसाय चालवला तर वीज कंपनीकडून दंड होऊ शकतो. मीटर माझ्या नावावर आहे.

कुटुंबच हवं की नोकरी करणारी मुलं-मुलीही चालतील, हे स्पष्ट लिहा. "फक्त फॅमिली" लिहायचं नसेल आणि मनात तेच असेल, तर दोघांचाही वेळ जातो. जात आणि धर्म मात्र स्लाइडवर लिहू नका, फोनवर विचारूही नका. ज्या गावात एका जिन्यावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू ऐकू येते तिथे तो प्रश्न विचारणारा माणूस स्वतःचंच गिऱ्हाईक कमी करतो, आणि माझ्या मते ते चूकही आहे. मला भाडं वेळेवर आणि नळ बंद करणारा माणूस हवा. स्लाइडवर वागणुकीबद्दल लिहा, माणसाबद्दल नको.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही भरता येते. तेही नियमांच्या खाली एका ओळीत, म्हणजे फोटो आणि ओळखपत्र मागितल्यावर कुणी बिचकत नाही.

संपर्क, आणि फसवणारे

शेवटच्या स्लाइडवर नंबर मोठा लिहा, पण फोनच्या वेळेसकट. मी "फोन संध्याकाळी ६ ते ८, बाकी वेळ व्हॉट्सॲप" लिहिलं आणि दुपारची झोप परत मिळाली. त्याच स्लाइडवर सांगा की पहिल्याच मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहा: किती माणसं, काम कुठे, कधीपासून हवंय. ज्याला खरंच घर हवंय तो लिहितो.

इन्स्टाग्रामच्या मजकुरात लिंक टाकली तरी ती दाबता येत नाही, प्रोफाइलमधली चालते. प्रोफाइलमध्ये ही ठेवा, म्हणजे दाबलं की मेसेज लिहिलेलाच उघडतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=सैफुल%20फ्लॅट
```

नंबराआधी ९१ हवं, शून्य किंवा अधिकचं चिन्ह नको. शब्दांमध्ये मोकळी जागा असेल तिथे %20 लिहायचं. टाकल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून एकदा दाबून बघा.

पत्ता किती द्यायचा? सोलापूरकर पत्ता चौकाने आणि रोडने समजतो, तेव्हा "विजापूर रोड, सैफुलजवळ, रिक्षा स्टॉपपासून पाच मिनिटं चालत" एवढं पुरतं. फ्लॅट नंबर आणि नकाशाचा पिन स्लाइडवर टाकू नका. रिकाम्या घराचा पत्ता सगळ्या गावाला सांगायचं कारण नाही. भेट ठरली की त्या माणसाला पिन पाठवा.

आता सावध राहायच्या दोन गोष्टी. पहिली: पोस्ट टाकल्यावर एक-दोन दिवसांत एक गोड बोलणारा फोन येतो. हिंदीत बोलतो, सैन्यात आहे म्हणतो, सोलापूरला बदली झालीय, घर फोटोवरूनच पसंत आहे, डिपॉझिट आत्ताच पाठवतो. मग एक क्यूआर कोड येतो, "हा स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील." पैसे घेताना कधीही स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. मला आलेल्या फोनवर मी म्हटलं, "या की आधी, घर बघा, चहा घ्या." फोन बंद. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

दुसरी उलट दिशेची: तुमचे फोटो उचलून कुणीतरी त्याच फ्लॅटची पोस्ट सहा हजार भाड्याने टाकतो आणि "टोकन" म्हणून दोन-तीन हजार मागतो. मग ते लोक तुमच्या दारात येतात. म्हणून कोपऱ्यातला नंबर पुरत नाही, तो कापता येतो. प्रत्येक फोटोवर मधोमध, फिकट अक्षरात नंबर टाका. थोडं कुरूप दिसतं, दिसू द्या. आणि संपर्काच्या स्लाइडवर लिहा: "घर बघितल्याशिवाय आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही."

टाकल्यानंतर

पहिले पाच फोन काय विचारतात ते लिहून ठेवा. ज्याचं उत्तर स्लाइडवर आहे तरी विचारलं जातंय, ते अक्षर लहान आहे किंवा मागे दडलंय. माझ्या दुसऱ्या पोस्टला तिघांनी लिफ्ट आहे का विचारलं, मी फक्त "दुसरा मजला" लिहिलं होतं. पोस्ट झाल्यावर स्लाइड बदलून टाकणं सोपं नसतं, म्हणून पहिल्या दिवशीच चूक सापडली तर जुनी काढून नवीन टाकलेली बरी. मजकूर मात्र कधीही सुधारता येतो. पहिल्या स्लाइडवर मी "दुसरा मजला, लिफ्ट नाही, ३४ पायऱ्या" असं केलं. पायऱ्या मोजल्या त्या मुलीने.

टोकन घेतलं त्याच दिवशी पोस्टच्या पहिल्या ओळीत "फ्लॅट दिला आहे" लिहा, आणि ज्या ज्या ग्रुपवर टाकली होती तिथे तेच. उत्तराचा एक मेसेज फोनमध्ये तयार ठेवा: "नमस्कार, सैफुलचा फ्लॅट ६ जूनला दिला. पुढच्या वर्षी मे महिन्यात विचारा." आमच्या नव्या भाडेकरूंनी, तळमजल्यावर दवाखाना असलेल्या एका इमारतीत काम करणाऱ्या नर्सबाई आणि त्यांचे दोन मुलगे, पहिल्या दिवशी सामान चढवताना मला विचारलं, "काका, नळ उद्या ना?" स्लाइड त्यांनी वाचली होती. नळ परवा होता, एक दिवस पुढे गेला होता.